शाबानचा चंद्र कुणी पाहिला?

गेल्या वर्षीच्या, म्हणजे 2025 च्या शबरातीला मी एक दिवस उशिरा गावी पोहोचलो. उशीर एसटीमुळे झाला नव्हता, साहेबांनी रजा नाकारली असंही नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात 14 फेब्रुवारीच्या चौकोनात ‘शब-ए-बरात’ छापलेलं होतं. मी शुक्रवारची रजा टाकली, दुपारी पुण्याहून निघालो आणि मगरिबच्या सुमारास कराडच्या पुढे आमच्या गावात उतरलो. अब्बांच्या इंतकालनंतरची ती पहिली शबरात होती. दरवर्षी ते मला हाताला धरून आजोबांच्या कबरीपाशी नेत. यंदा त्यांच्या कबरीपाशी मी उभं राहायचं होतं.

कब्रस्तानाच्या फाटकाला कडी होती. आत अंधार होता. भिंतीवर लावलेले बल्ब आदल्या रात्रीचे, आता विझलेले. घरी गेलो तर अम्मीनं डब्यात झाकून ठेवलेला चण्याच्या डाळीचा हलवा पुढे केला आणि म्हणाली, “कल हुई ना रे शबरात. तू आज आया?”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. धाकट्या भावानं आदल्या रात्री फातिहा पढली होती. मी एकट्यानं जाऊन पढली. फातिहाला रात्रीचं बंधन नाही, हे मला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट मनातून जाईना. त्याच्या दोन आठवडे आधी, 30 जानेवारीच्या संध्याकाळी, पुण्यात गच्चीवर उभा असताना शाबानचा चंद्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पश्चिमेला शुक्र झळकत होता आणि त्याच्या बरंच खाली बारीक कोर होती. फोटोही काढला, स्टेटसला ठेवला. चंद्र पाहिला, पण मोजला नाही. मोजायचं काम मी छापील चौकोनावर सोपवलं.

हा लेख त्या चौकोनाविरुद्ध आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांच्या आळसाविरुद्ध आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवतो. शबरातीच्या रात्री काय करावं, जागरण करावं की नाही, कब्रस्तानात जावं की नाही, हलवा करावा की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. कुणी या रात्रीला बरकतीची, माफीची रात्र मानतो. कुणी म्हणतो की हिच्या खास इबादतीला पक्का आधार नाही. तो वाद मला इथे घालायचा नाही. कारण मी जे सांगतोय ते दोघांनाही लागू आहे. रात्र मानणाऱ्याला पंधरावी रात्र कोणती ते कळायला हवं. न मानणाऱ्यालाही पंधरा दिवसांनी रमजान सुरू करायचा आहे, आणि रमजानची मोजणी शाबानच्या चंद्रापासून होते. रमजानसाठी शाबानचा चंद्र मोजत राहा, अशा अर्थाची हदीस तिरमिजीत आहे. आपण मात्र रमजानच्या चंद्रावरून रात्रभर भांडतो आणि शाबानच्या चंद्राकडे ढुंकूनही बघत नाही.

आधी साधा हिशेब मांडू, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

आपला दिवस मगरिबला सुरू होतो. आधी रात्र, मग तिचा दिवस. म्हणून ‘पंधरा शाबान’ ही तारीख इंग्रजी कॅलेंडरात एका चौकोनात मावत नाही. ती एका संध्याकाळी सुरू होते आणि दुसऱ्या संध्याकाळी संपते. 2025 मध्ये पंधरा शाबान सुरू झाली गुरुवारी 13 फेब्रुवारीच्या मगरिबला आणि संपली शुक्रवारी 14 फेब्रुवारीच्या मगरिबला. शबरात म्हणजे या तारखेतली रात्र, म्हणजेच गुरुवारची रात्र. रोजा ठेवणाऱ्यांचा रोजा शुक्रवारी. कॅलेंडर छापणाऱ्यानं 14 फेब्रुवारीच्या चौकोनात ‘शब-ए-बरात’ लिहिलं, तेव्हा त्यानं दिवसाची तारीख रात्रीला चिकटवली. ‘शब’ म्हणजेच रात्र, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही ते वाचताना विसरलो आणि सोळाव्या रात्री कब्रस्तानात पोहोचलो.

पण चौकोन बरोबर छापला असता तरी एक प्रश्न राहतोच. कॅलेंडर छापलं जातं वर्ष सुरू होण्याआधी. शाबानचा चंद्र दिसायचा असतो जानेवारीच्या अखेरीस. मग छापणाऱ्याला पंधरावी रात्र कळली कशी? त्यानं अंदाज केला. अंदाज करण्यात गुन्हा नाही. अंदाजाला तारीख म्हणून छापणं आणि खाली बारीक अक्षरातही ‘चंद्रदर्शनावर अवलंबून’ असं न लिहिणं, हा गुन्हा आहे.

खरी तारीख कशी ठरते? चंद्राचा महिना 29 दिवसांचा असतो नाहीतर 30 चा. 28 चा नाही, 31 चा नाही. म्हणून निर्णयाची संध्याकाळ एकच: 29 रजबची. त्या दिवशी सूर्य मावळला की पश्चिमेला पाहायचं. कोर दिसली, तर त्याच क्षणी एक शाबान लागली. नाही दिसली, किंवा ढग आले, तर रजबचे 30 पूर्ण करायचे आणि दुसऱ्या संध्याकाळी शाबान आपोआप सुरू. चंद्र पाहून रोजे धरा, चंद्र पाहून सोडा, आणि झाकला गेला तर शाबानचे तीस पूर्ण करा, हा बुखारी-मुस्लिममधला नियम आपल्याला पाठ आहे. तीस पूर्ण करायचे असतील तर एक कधी होता ते माहीत असायला नको का?

इथून पुढे पंधरावी रात्र काढायला ना मौलाना लागतात ना मोबाइल. ज्या संध्याकाळी चंद्र धरला ती पहिली रात्र. तिच्यात 14 मिळवा. 14 म्हणजे दोन आठवडे. म्हणजे ज्या वारी संध्याकाळी शाबान लागला, दोन आठवड्यांनी त्याच वारी शबरात. 2025 ला चंद्र गुरुवारी दिसला, शबरात गुरुवारी. 2024 ला शाबान लागला रविवारी 11 फेब्रुवारीच्या संध्याकाळी, आणि शबरात होती रविवारी 25 फेब्रुवारीला. हे एक वाक्य मला माहीत असतं, तर मी त्या गुरुवारी एसटीत बसलेलो असतो.

आता ही दोन वर्षं शेजारी ठेवून नीट बघू. चंद्रावरून होणारं आपलं जवळजवळ प्रत्येक भांडण या दोन वर्षांत सापडतं.

2024 मध्ये 29 रजब आली शनिवारी, 10 फेब्रुवारीला. अमावास्येचा क्षण, म्हणजे सूर्य आणि चंद्र एका रेषेत येण्याचा क्षण, त्याच दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास होऊन गेला होता. मुंबईत सूर्य मावळेपर्यंत चंद्राचं वय झालं साधारण 14 तास. एवढा कोवळा चंद्र उघड्या डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल. निष्णात आकाशनिरीक्षकांनी दुर्बिणीशिवाय पाहिलेल्या कोरींचा विक्रमच साडेपंधरा तासांचा सांगितला जातो, तोही 1990 मधला, उत्तम आकाशातला. आपल्या शहराच्या धुळीत आणि दिव्यांच्या झगमगाटात साधारण 20 तासांच्या पुढे गेलेला चंद्र सामान्य माणसाच्या नजरेला पडायला लागतो. वय हे एकटंच पुरेसं नसतं. चंद्र सूर्यापासून आकाशात किती दूर गेलाय आणि क्षितिजावर किती उंच आहे तेही लागतं. पण पहिली चाळणी म्हणून वय चांगलं काम देतं. त्या शनिवारी चंद्र धरला गेला नाही, रजबचे 30 झाले, रविवारी संध्याकाळी शाबान लागला.

2025 मध्ये 29 रजब आली गुरुवारी, 30 जानेवारीला. अमावास्येचा क्षण आदल्या दिवशी, 29 जानेवारीला संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर होता. म्हणजे गुरुवारी सूर्य मावळताना चंद्राचं वय चोवीस तासांच्या थोडं पुढे. असा चंद्र सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आकाशात राहतो आणि वर बघणाऱ्या कुणालाही दिसतो. माझ्यासारख्या चहा प्यायला गच्चीवर गेलेल्या माणसालाही दिसला. रजबचे 29 झाले.

एका वर्षी 30, दुसऱ्या वर्षी 29. दोन्ही वेळा आकाशानं स्पष्ट उत्तर दिलं. प्रश्न एवढाच आहे की तुमच्या मोहल्ल्यात त्या दोन संध्याकाळी वर कोण बघत होतं? रमजान आणि ईदच्या चंद्राला चाँद कमिटी बसते, फोन वाजतात, मशिदीच्या भोंग्यावरून एलान होतं. शाबानच्या चंद्राला बहुतेक ठिकाणी कुणी बसत नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर एक फॉरवर्ड येतो: ‘शब-ए-बरात अमुक तारखेला, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’ चंद्र कुठे दिसला, किती वाजता दिसला, कुणी पाहिला, यातलं एक अक्षर त्यात नसतं. आपण ते पोहोचवतो. शहादतशिवाय तारीख पसरवण्याचं काम आपण सवाब समजून करतो.

आणि फॉरवर्ड नसेल तर आपल्याकडे एक रामबाण फॉर्म्युला आहे: ‘सौदीच्या दुसऱ्या दिवशी.’ आखातात भाऊ किंवा चुलता कामाला आहे, त्याला फोन लावायचा, त्याच्या तारखेत एक मिळवायचा. 2024 ला हा फॉर्म्युला बरोबर निघाला. सौदीत शाबान 11 फेब्रुवारीला होता, आपल्याकडे 12 ला. 2025 ला काय झालं? सौदीतही एक शाबान 31 जानेवारीला आणि आपल्याकडेही 31 जानेवारीलाच. ज्यांनी डोळे मिटून एक मिळवला, त्यांची शबरात गुरुवारऐवजी शुक्रवारी गेली. पुढे गंमत बघा. शाबान एकाच दिवशी सुरू होऊनही रमजान वेगळा झाला. सौदीत 1 मार्चला, आपल्याकडे 2 मार्चला. कारण 28 फेब्रुवारीच्या संध्याकाळी मुंबईत चंद्राचं वय जेमतेम साडेबारा तास होतं. तो इथे दिसणं शक्य नव्हतं, आपल्या शाबानचे 30 झाले.

म्हणजे दोन देशांतला फरक कधी शून्य, कधी एक. तो दर महिन्याला नव्यानं ठरतो. त्याचं कारण श्रद्धेत नाही, पृथ्वीच्या फिरण्यात आहे. जितकं पश्चिमेला जाल तितका सूर्य उशिरा मावळतो आणि तितका वेळ चंद्राला वाढायला मिळतो. हे पाहायला सौदीपर्यंत जायचीही गरज नाही. नागपुरात सूर्य मुंबईच्या साधारण 25 मिनिटं आधी मावळतो. कोलकाता आणि मुंबईत हा फरक तासाभराचा आहे. समजा एखाद्या संध्याकाळी पूर्वेकडच्या एका गावातून एकाच माणसाची साक्ष आली की काठावरचा, अगदी कोवळा चंद्र दिसला. आणि मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यावर निरभ्र आकाशात, तासभर अधिक वयाचा चंद्र शेकडो लोकांना दिसला नाही. तर त्या साक्षीबद्दल प्रश्न विचारणं हा बेअदबीचा नव्हे, अकलेचा भाग आहे.

साक्ष तपासायचे प्रश्न जुनेच आहेत आणि सोपे आहेत. सूर्य मावळल्यावर किती वेळानं दिसला? सूर्य जिथे बुडाला त्याच्या कुठल्या बाजूला? किती वेळ दिसत राहिला? शेजारी कोण होतं, त्याला दिसला का? आणि सगळ्यात उपयोगी: टोकं कुठे होती? चंद्राची उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडे असते. सूर्य नुकताच खाली गेलाय, म्हणून कोरीचा फुगीर भाग खाली आणि टोकं वर किंवा बाजूला असतात. शाबान सध्या हिवाळ्यात येतोय आणि या दिवसांत आपल्याकडून नवी कोर होडीसारखी दिसते. कुणी टोकं खाली झुकलेली सांगत असेल, तर त्यानं विमानाची धुराची रेघ पाहिली आहे. ती मावळत्या प्रकाशात सोनेरी चमकते आणि भल्याभल्यांना फसवते. माणूस खोटारडा असतो असं नाही; त्याला मनापासून चंद्र हवा असतो आणि डोळे त्याला तो देतात. हनफी ग्रंथांनी रमजान आणि ईद सोडून इतर महिन्यांसाठीही किमान दोन विश्वासू पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया अशी साक्ष मागितली, ती उगाच नव्हे.

इथे माझ्याच वयाचे मित्र हात वर करतात. म्हणतात, हे सगळं कशाला? अमावास्येचा क्षण आता सेकंदापर्यंत सांगता येतो. शंभर वर्षांचं कॅलेंडर छापा आणि मोकळे व्हा. आपल्या मुंबईतच बोहरा समाज पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या हिशेबावर चालतो. त्यांच्याकडे रजब नेहमी 30 चा, शाबान नेहमी 29 चा. ना कमिटी, ना भांडण.

हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. त्यांचा हिशेब प्रामाणिक आहे, कारण ते हिशेबाला हिशेब म्हणतात. तो चंद्र पाहण्यावर उभा नाही, हे ते लपवत नाहीत. माझा आक्षेप आपल्यावर आहे. तोंडानं आपण म्हणतो की चंद्र पाहूनच महिना धरायचा, आणि हातानं कॅलेंडरातला चौकोन मोजतो. आपण ना पाहतो, ना हिशेब करतो. आपण कुणीतरी केलेल्या हिशेबाला कुणीतरी पाहिलेला चंद्र समजतो.

माझी बाजू अशी आहे: महिना लावायचा तो डोळ्यांनी, पण जो चंद्र दिसणं शक्यच नव्हतं त्याची साक्ष हिशेबानं नाकारायची. होकार डोळ्यांचा, नकार गणिताचा. हे मी आज शोधून काढलेलं नाही. चौदाव्या शतकातले मोठे शाफई काजी तकीउद्दीन सुबकी यांनी हीच भूमिका घेतली होती: पक्का हिशेब जर सांगत असेल की चंद्र दिसणं अशक्य आहे, तर साक्षीदार कितीही आला तरी त्याची साक्ष घेऊ नये. कोकणातले आपले बांधव शाफई मसलकचे आहेत, त्यांना हे नाव परकं नाही. दूरच्या प्रदेशाचं क्षितिज वेगळं, म्हणून तिथली साक्ष आपल्याला बांधत नाही, हा विचारही शाफई फिकहनं ठळकपणे मांडला. घाटावरचे आम्ही बहुतेक हनफी. आमच्या जुन्या मतात एका ठिकाणची साक्ष सगळ्यांना बांधते असं म्हटलंय, तरी व्यवहारात आम्हीही सौदीचा चंद्र घेत नाही. म्हणजे घाटावर काय आणि कोकणात काय, हातात आलेलं उत्तर जवळपास एकच आहे. ते उघडपणे म्हणायला आपण का घाबरतो?

कुणी म्हणेल, एका दिवसानं काय बिघडतं? 2024 चाच हिशेब उलटा करून बघा. समजा, 10 फेब्रुवारीला कुणीतरी चंद्र पाहिल्याचा दावा केला असता आणि तो मान्य झाला असता. शाबान एक दिवस आधी लागला असता आणि शबरात रविवारऐवजी शनिवारी, 24 फेब्रुवारीला झाली असती. मग 10 मार्चला 29 शाबान. त्या संध्याकाळी चंद्र चार तासांचा, तो दिसणार नव्हताच. शाबानचे 30 पूर्ण, आणि रमजान 12 मार्चला. प्रत्यक्षातही तो 12 मार्चलाच लागला. म्हणजे त्या वर्षी चूक पुढच्या महिन्यात जिरून गेली असती. रात्र गेली असती, रमजान वाचला असता. पण दर वर्षी असं नशीब नसतं. शाबान खोट्या साक्षीवर एक दिवस आधी धरला, तीस दिवस भरले, आणि चंद्र मात्र अजून आकाशात दिसण्याजोगा झालाच नाही, असंही होऊ शकतं. तेव्हा आपण नियमानं बांधले जातो. तीस झाले, रमजान सुरू करा. एकाही माणसानं चंद्र न पाहता पहिला रोजा सुरू होतो आणि मग ईदपर्यंत भांडण. त्या भांडणाचं बी रजबच्या त्या एका संध्याकाळी पडलेलं असतं, जेव्हा आपण सगळे घरात होतो.

एक छोटी चाचणी आणखी सांगतो, घरच्या घरी करता येते. मराठी कॅलेंडरात पौर्णिमा छापलेली असते. 2024 ला माघी पौर्णिमा 24 फेब्रुवारीला होती, शबरात 25 ला. 2025 ला पौर्णिमा 12 फेब्रुवारीला, शबरात 13 ला. शबरातीचा चंद्र बहुधा पौर्णिमेच्या लगतचा असतो. मगरिबनंतर थोड्याच वेळात तो पूर्वेला वर येतो आणि रात्रभर राहतो. मी चुकून गेलो त्या शुक्रवारी मगरिबची नमाज होऊन गेली तरी कब्रस्तानावर चंद्र उगवलेला नव्हता. तो अंधार मला सांगत होता, मला वाचता आला नाही. मात्र ही चाचणी साक्ष नव्हे. हिच्यावरून दोन दिवसांची चूक पकडता येते, एका दिवसाच्या फरकाचा निवाडा करता येत नाही. तो निवाडा 29 रजबच्या संध्याकाळीच होतो.

मग आपण करायचं काय? माझ्या मागण्या तीन आहेत. तिन्हींना पैसा लागत नाही.

पहिली मागणी छापणाऱ्यांकडे. आपल्याच मस्जिद ट्रस्टची, पतपेढ्यांची, दुकानांची कॅलेंडरं निघतात. त्यांनी शबरात दिवसाच्या चौकोनात टाकू नये. ‘गुरुवार 13 च्या मगरिबपासून शुक्रवार 14 च्या फजरपर्यंत, चंद्रदर्शनावर अवलंबून’ एवढं छापावं. एक ओळ जास्त लागेल. त्या ओळीमुळे कुणाचा तरी मुलगा वेळेवर गावी पोहोचेल.

दुसरी मागणी चाँद कमिट्यांकडे. रमजान आणि ईदला बसता, तसं 29 रजबलाही बसा, आणि निर्णय कारणासकट जाहीर करा. ‘चंद्र झाला’ एवढं पुरत नाही. 30 जानेवारी 2025 चं जाहीर निवेदन असं असू शकलं असतं: ‘29 रजब, गुरुवार. आमच्या गावी आकाश निरभ्र होतं. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी पश्चिमेला, शुक्राच्या खाली चंद्र दिसला. पाहणारे सात, त्यांपैकी दोघांची साक्ष नोंदवली. त्या वेळी चंद्राचं वय चोवीस तासांहून अधिक होतं. म्हणून शाबान लागला. पंधरावी रात्र गुरुवार, 13 फेब्रुवारी.’ वाचणाऱ्याला तपासता येईल असा निर्णय असला की भांडायला जागा कमी उरते. आणि दिसला नसेल तर तेही इतक्याच स्पष्टपणे लिहा: ढग होते, की आकाश स्वच्छ असूनही दिसला नाही. या दोन गोष्टींत फार फरक आहे.

तिसरी मागणी तुमच्याकडे आणि माझ्याकडे. शाबान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सध्या तो हिवाळ्यात येतोय, आकाश मोकळं असतं. साधारण बारा-तेरा वर्षांनी तो आपल्याकडच्या पावसाळ्यात शिरेल, मग संध्याकाळमागून संध्याकाळ ढग आणि तीस पूर्ण करण्याचा नियम. डोळे तयार करायचे असतील तर ही वर्षं त्याची आहेत. 29 रजबला मगरिबची नमाज झाली की गच्चीवर जा, मोकळं पश्चिम क्षितिज दिसेल अशा जागी. सोबत दोघं-तिघं न्या, त्यात बहिणींनाही न्या. पंधरा-वीस मिनिटं थांबा, अंधार थोडा दाटू द्या. दिसला तर वेळ लिहा, दिशा लिहा, टोकं कुठे होती ते लिहा, आणि मशिदीत जाऊन सांगा. नाही दिसला तर तेही जाऊन सांगा. फॉरवर्ड आला तर एकच उलट प्रश्न पाठवा: कुणी पाहिला?

अम्मीला मी हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती हलव्याचा रिकामा डबा धूत होती. म्हणाली, अब्बा दर वर्षी रजब संपता संपता अंगणात उभे राहायचे, मग भिंतीवर खडूनं रेघ ओढायचे, रोज एक. चौदा रेघा झाल्या की डाळ भिजत घालायला सांगायचे. अंगणातली ती भिंत आता रंगवली आहे. खडू अजून कोनाड्यात आहे.